साळा कुठल्या रकान्यात लिहायचा?

आज सकाळी परचेस आणि स्टोअर्सचे हितसंबंध जाहीर करायचे वार्षिक फॉर्म माझ्या टेबलावर आले. अकरा फॉर्म, अकराही 'निरंक'. हिंगणा एमआयडीसीतली दोनशे माणसांची कंपनी, आणि खरेदीतल्या एकाचाही नातेवाईक कुठल्याच सप्लायरकडे नाही! अरे बाप्पा, नागपूर आहे हे. इथं पोह्यांवर तर्री पडेपर्यंत अनोळखी माणसाशी सोयरीक निघते.

आमच्या अकाउंट्सवाल्यांना हा फॉर्म पास करायला दोन मिनिटं लागतात. आज माझ्याच्यानं होईना, कारण अकरातला एक फॉर्म 'त्याचा' होता.

सहा वर्षांपूर्वी हा पोरगा परचेसमध्ये होता, पॅकिंग मटेरियल बघायचा. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये त्यानं स्वतःहून लिहिलं, "माझ्या साळ्यानं वाडीला बॉक्सचा कारखाना टाकला आहे, आपल्याला पाच-प्लाय बॉक्स देतो." विचारलं कोणीच नव्हतं. फॉर्ममध्ये साळ्याला जागाच नव्हती, शेवटच्या 'इतर'मध्ये कोंबून लिहिलं बिचाऱ्यानं.

जागा का नव्हती? कारण आमच्या कोण्या शहाण्यानं नातेवाइकांची यादी कंपनी कायदा २०१३ आणि त्याच्या नियमांमधून जशीच्या तशी उतरवली. नवरा-बायको, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. संपली यादी. साळा नाही, साडू नाही, मामा-भाचा नाही. ती व्याख्या प्रामुख्यानं संचालकांच्या व्यवहारांसाठी केलेली. परचेसच्या माणसासाठी फॉर्म आपण आपल्या मनानं बनवतो, मग साडू लिहायला काय कायदा आडवा येतो? लग्न होऊन दोन वर्षं झालेल्या कोणालाही विचारा, कोणाचा शब्द मोडता येत नाही ते.

बरं, लिहिलं त्यानं. आम्ही काय केलं? साहेबांनी चारचौघांत विचारलं, "किती मिळतात बॉक्समागे?" पंधरा दिवसांत पोरगा स्टोअर्सला आणि साळ्याच्या ऑर्डरी बंद. त्याचा रेट तिघांत कमी होता, तुलना तक्ता मीच पाहिला होता.

हो, पहिल्या ऑर्डरच्या आधी सांगायला हवं होतं, मान्य. आणि रेट कमी म्हणजे सगळं चोख असंही नाही. बॉक्समध्ये कागद हलका घालून रेट पाडता येतो. दहा बॉक्स काट्यावर ठेवले की कळतं. पण ठेवणार कोण? स्टोअर्स! म्हणजे उद्या साळ्याचा माल पुन्हा आला, तर तो मोजायच्या आणि पास करायच्या जागेवरच आम्ही पोराला बसवून आलो. शिक्षा करायच्या नादात कोणी विचारच केला नाही.

करायचं एवढंच होतं. तारीख घातलेला एक कागद: बॉक्सचे रेट कोणाकोणाकडून मागवायचे ते हा ठरवणार नाही, तुलना तक्ता अकाउंट्स करेल, ऑर्डर आणि रेटवाढीवर प्लांट हेडची सही, माल दुसरा माणूस मोजेल. वर्षानं पुन्हा पाहू. पोरगा जागेवर, साळाही जागेवर. लहान कंपनीत माणसं कमी असतात, कबूल. पण एका सप्लायरपुरती सही फिरवायला नवीन भरती लागत नाही.

त्या दिवशी बाकीचे दहा जण काय शिकले ते आजच्या फॉर्मवर लिहिलं आहे. निरंक.

आता खरी गोष्ट सांगतो, ज्यानं माझं जेवण गेलं. मागच्या वर्षी बॉक्सचा एक नवा सप्लायर आला. दुपारी सहज त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. मालक एक बाई. नंबरातला पॅन वेगळा, बँक खातं वेगळं, आमच्या पगाराच्या खात्यांशी जुळवून काहीच सापडलं नसतं. पण पत्ता? वाडीचा तोच प्लॉट, जो सहा वर्षांपूर्वीच्या बिलांवर होता.

साळ्याची बायको. आणि माल घेतो कोण, तर आपला हाच.

पहिल्यांदा संताप आला. फॉर्म घेऊन उठलोच होतो. मग यादी पुन्हा वाचली. साळ्याची बायको त्यात कुठंच बसत नाही. आणि 'इतर'चा रकाना? तो त्याच वर्षी काढून टाकला होता. "उगाच गोंधळ होतो" म्हणून.

म्हणजे पोरानं लिहिलेलं 'निरंक' आमच्या फॉर्मप्रमाणे अक्षरशः खरं आहे.

संध्याकाळी गेटवर भेटला. "भाऊ, फॉर्म बरोबर आहे ना?" म्हणाला. नजर मात्र वर नव्हती. मी म्हटलं, उद्या ये, माझ्या केबिनमध्ये, दोघंच बसू. सप्लायरांची छापील यादी समोर ठेवणार आहे, नातं कोणतंही असो, ओळखीच्या नावावर खूण कर म्हणणार. साहेबांना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.

अकराही फॉर्म ड्रॉवरमध्ये आहेत. सही केली नाही.