सूर्याचे डाग आणि तापमानवाढीचा हिशेब

«2024 हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि त्याच वर्षी सूर्यावरचे डागही शिखराला होते. हा काय योगायोग? सूर्य तापला की पृथ्वी तापते; कार्बन डायऑक्साइडचा बागुलबुवा उगाच उभा केला आहे. सतराव्या शतकात डाग नाहीसे झाले तेव्हा हिमयुग आले होते. आता 2030 च्या आसपास डाग कमी होतील आणि आपोआप थंडावा येईल. आमच्या गोव्यात मार्चमध्येच अंग भाजते, तेही याच सूर्यामुळे.»

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांतून फिरणाऱ्या या मजकुराचे पहिलेच वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच तो सहज पटतो. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि घटतात; त्यातले पंचविसावे चक्र 2024 च्या उत्तरार्धात शिखराला पोहोचले होते. मात्र त्याआधीची 2016 आणि 2020 ही दोन वर्षे पाहिली, तर ही जुळणी लगेच सैल होते. 2023 पूर्वी उष्णतेचा उच्चांक बराच काळ 2016 च्या नावावर होता, आणि त्या वर्षी चोविसावे चक्र उतरणीला लागले होते. 2020 मध्ये तर सूर्य जवळजवळ निष्कलंक होता. तरीही नासाच्या नोंदींनुसार ते वर्ष 2016 च्या बरोबरीने तापले. 2023 आणि 2024 मध्ये प्रशांत महासागरातील एल निनोने दीर्घकालीन वाढीवर आणखी भर टाकली होती. सौरचक्रानेही थोडा हातभार लावला, हे मान्य करायला हवे. प्रश्न फक्त ‘थोडा’ म्हणजे किती एवढाच आहे, आणि तो हिशेब कोणालाही मांडता येईल असा आहे.

डाग स्वतः काळे आणि भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा थंड असतात. तरीही डाग वाढले की सूर्य एकंदरीत किंचित उजळतो, कारण त्यांच्यासोबत वाढणारे तेजस्वी पट्टे ही तूट भरून काढून वर थोडी भर घालतात. पृथ्वीच्या अंतरावर, सूर्याकडे थेट तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी 1361 वॉट ऊर्जा पडते. चक्राच्या तळापासून शिखरापर्यंत तीत फरक पडतो तो सुमारे 1 वॉटचा, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. हा 1 वॉट संपूर्ण गोलाकार पृथ्वीवर, रात्रीची बाजू धरून, वाटला जातो, म्हणून त्याला 4 ने भागावे लागते. उरलेल्यातला सुमारे 30 टक्के भाग ढग, बर्फ आणि जमीन परत अवकाशात पाठवतात. हाती राहतात प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे 0.17 वॉट.

आता दुसरे पारडे. कार्बन डायऑक्साइडमुळे किती ऊर्जा अडते, याचे सोपे सूत्र असे आहे:

ΔF = 5.35 × ln(C/C₀)

यात ΔF म्हणजे अडलेली ऊर्जा, C₀ आणि C म्हणजे या वायूचे आधीचे आणि आताचे प्रमाण, आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिथम. औद्योगिक काळापूर्वी हे प्रमाण दहा लाखांत सुमारे 280 भाग होते, 2024 मध्ये ते सुमारे 422 झाले. या आकड्यांनी सूत्र सोडवले की उत्तर येते जवळपास 2.2 वॉट, म्हणजे सौरचक्राच्या पूर्ण झोक्याच्या बारापटीहून अधिक. आणि एक फरक आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. सूर्याचे ते 0.17 वॉट पाच-सहा वर्षांत निघून जातात आणि तेवढ्या अवधीत महासागराचे प्रचंड पाणी पुरते तापूही शकत नाही, वायूचे 2.2 वॉट मात्र टिकतात आणि दरवर्षी वाढतात. म्हणूनच तळ आणि शिखर यांतला पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा फरक साधारण 0.1 अंश सेल्सिअसएवढाच आढळतो.

हा हिशेब ज्यांना केवळ कागदी वाटतो, त्यांनी एक परीक्षा स्वतः करून पाहावी. समुद्राची पातळी चढते आहे का हे ठरवताना आजची भरती कालच्या ओहोटीशी ताडून चालत नाही, ओहोटी ओहोटीशीच ताडावी लागते; तसेच सूर्याच्या तळाचे वर्ष तळाच्या वर्षाशीच ताडावे. अलीकडच्या चार चक्रांचे तळ 1986, 1996, 2008 आणि 2019 मध्ये आले. 1951 ते 1980 या काळाच्या सरासरीपेक्षा या वर्षांचे जागतिक तापमान अनुक्रमे सुमारे 0.2, 0.3, 0.5 आणि 1.0 अंशाने अधिक होते. एकेका वर्षावर एल निनो किंवा ला निन्याची छाया असते (2008 हे ला निन्यामुळे थोडे थंड होते), त्यामुळे या पायऱ्यांची उंची तंतोतंत धरू नये. पण चारही वेळा सूर्य जवळजवळ सारखाच मंद होता आणि तापमान मात्र सारखे राहिले नाही, एवढे त्यांतून निर्विवाद दिसते.

शिखरांची कथा तर उलट दिशेने जाते. डागांची सरासरी संख्या 1979 च्या शिखरावर 230 च्या पुढे होती, 2014 मध्ये ती 116 वर उतरली आणि 2024 चे शिखरही सुमारे 160 चेच होते. उपग्रह 1978 पासून सूर्याची ऊर्जा थेट मोजत आहेत आणि त्या मोजणीतही चढता कल नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या वाढीत सूर्याचा काही वाटा होता, हे संशोधक मान्य करतात. पण त्या वाट्यावर गेल्या चाळीस वर्षांची वाढ खपवता येत नाही.

सतराव्या शतकाचा दाखला अर्धवट दिला जातो. 1645 ते 1715 या काळात डाग खरोखरच विरळ झाले होते. दुर्बिणींच्या नोंदींखेरीज ध्रुवीय बर्फात साठलेल्या बेरिलियम-10 या अणूवरूनही ते कळते. (ध्रुवीय बर्फाचे असे गाभे आपल्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातही अभ्यासले जातात.) पण युरोपातील तो थंड काळ डाग विरळ होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, त्यात ज्वालामुखींचाही हात होता, आणि खऱ्या हिमयुगाच्या तुलनेत ती घसरण अगदी किरकोळ होती. तशीच दीर्घ मंदी आज पुन्हा आली, तरी तापमान फार तर 0.3 अंशाने कमी राहील असे गणित सांगते. 2030 च्या आसपासच्या साध्या तळाने तर जेमतेम 0.1 अंश घटेल. सध्याची वाढ दर दशकाला सुमारे 0.2 अंश आहे, म्हणजे ती घट पाच वर्षांत भरून निघते.

आणखी एक खूण आहे आणि ती मला सर्वांत निर्णायक वाटते. सूर्यामुळे पृथ्वी तापत असती, तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, आधी तापला असता. कारण चक्रासोबत अतिनील किरणांत सर्वाधिक टक्केवारीने बदल होतो आणि ते किरण तिथला ओझोन शोषून घेतो. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापत असताना स्थितांबर थंड होत गेले आहे. खालच्या स्थितांबरातील थंडाव्याला ओझोनची घटही कारणीभूत आहे; परंतु वरच्या स्थितांबरातील थंडावा मुख्यतः वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे येतो, कारण त्या उंचीवर हा वायू उष्णता अवकाशात फेकण्याचे काम करतो.

राहिला गोव्याचा मार्च. मार्च 2023 मध्ये हवामान खात्याने गोव्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, हे अनेकांच्या लक्षात असेल. अशा दिवसांत घाटाकडून येणारा कोरडा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रावरचा खारा वारा उशिरा सुटतो. तो वेळेवर आला की पणजीचा पारा चढायचा थांबतो, रेंगाळला की काही अंशांनी वर जातो. सरासरीच वर सरकल्यामुळे असा दिवस आता अधिक तापतो, हे खरे. पण सौरचक्राचा तो 0.1 अंश अशा दुपारी कुठल्याही तापमापकावर वेगळा काढून दाखवता येणार नाही.