नाव बदललं म्हणून बिल बदलत नाही

‘कंपनीने प्रशिक्षणासाठी एकत्र घेतलेल्या जागांमध्ये माणूस बदलला की जुनं बिल रद्द करून नवं घ्यावं लागतं, नाहीतर जीएसटी क्रेडिट जातं.’

हे खरं नाही. जीएसटीत पैसे देणारा तो ग्राहक, म्हणजे इथे कंपनी. समजा, प्रशिक्षणाच्या २० जागा, प्रत्येकी ५,००० रुपये. १८ टक्के करासह बिल १,१८,००० रुपये. पुढे सहा नावं बदलली तरी रक्कम तीच, ग्राहकही तोच. सुधारित यादी मेलने पाठवून बिलासोबत ठेवा, एवढं पुरे. आयोजकांनी एका जागेचे पैसे परत केले, तरच ५,९०० रुपयांची क्रेडिट नोट लागते, आणि तेव्हाही मूळ बिल कायम राहतं.

खरी काळजी प्रवेशाच्या क्यूआर कोडची घ्यायला हवी. नोंदणीच्या टेबलावर मी हे अनेकदा पाहिलंय: यादीत नाव नवं, पण जुन्याच्या फोनमधला कोड चालूच. तो सकाळी येऊन बसतो आणि नव्या माणसाचा कोड स्कॅन केला की ‘जागा भरली’ असं दिसतं. बिचारा बॅग घेऊन दारातच उभा! म्हणून नाव बदलताना ‘जुना कोड बंद केला का?’ हे आयोजकांना लेखी विचारा. प्रमाणपत्रावरचं नावही तेव्हाच तपासा.