साडेदहा तासांची थकबाकी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीनं माझ्या नवऱ्याला शिकागोला पाठवलं. इथून जाणारं कास्टिंग तिकडच्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचं, एवढं त्याचं काम. मी इकडं पतसंस्थेत, थकबाकी विभागात. लोकांना वाटतं, आता मोबाइल आहे, मग कसला दुरावा? अशा लोकांना मी आमचं वेळापत्रक दाखवते.

उन्हाळ्यात शिकागो आपल्या साडेदहा तास मागं असतं. माझे सकाळचे साडेसहा म्हणजे त्याचे आदल्या रात्रीचे आठ. तो जेवून, पाय पसरून सोफ्यावर. त्या वेळी याला बायकोची आठवण अशी दाटून येते की विचारू नका. आणि त्याच वेळी माझ्या एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात लेकाचा टाय, तव्यावर चपाती आणि दारात घंटागाडी! त्यात मेसेज येतो, ‘काय करतेस गं?’ संध्याकाळी मी मोकळी होऊन पायरीवर टेकते, तर हा अंघोळीच्या घाईत. म्हणजे दोघं एकाच वेळी जागे असतो भरपूर. दोघं एकाच वेळी रिकामे मात्र कधीच नसतो.

सुरुवातीला आम्ही नेमानं विचारपूस केली. ‘जेवलास?’ ‘हो. तू?’ ‘हो.’ ‘काय केलंस?’ ‘नेहमीचंच.’ मग एके दिवशी सवयीप्रमाणे मी मागं सरकवत सरकवत महिनाभराचे मेसेज तपासले. खात्यावर काही हालचाल नव्हती, फक्त तारखा बदलत होत्या. खात्री करायला सोमवारचा मेसेज उचलून गुरुवारी जसाच्या तसा पाठवला. उत्तरही सोमवारचंच आलं.

माझ्या धंद्याच्या नजरेला तेव्हा दुखणं दिसलं. प्रश्न पाठवला की समोरच्यावर उत्तराचं देणं चढतं. माणूस झोपलेला असतो, देणं जागं असतं. तो उठतो तेव्हा उशाशी माझे सात प्रश्न साचलेले. त्यांची फेड करता करता तो माझ्यावर आठ चढवतो. दोघंही दिवसभर हप्ते भरतोय आणि मुद्दल आहे तिथंच! शेवटी यानं वाचल्याच्या निळ्या खुणाच बंद केल्या, म्हणजे मेसेज वाचूनही न वाचल्यासारखं राहता येतं. पण व्हॉट्सॲपची एक गंमत त्याला माहीत नव्हती. त्या खुणा बंद केल्या तरी बोलून पाठवलेला निरोप ऐकला की पाठवणाऱ्याकडं माईकचं चित्र निळं होतंच. मी थकबाकी विभागातली बाई. मी टायपिंग सोडलं आणि बोलायला लागले.

आणि गंमत म्हणजे वसुलीसाठी सुरू केलेल्या त्या बोलण्यानंच खातं सुधारलं. बोलताना ‘जेवलास का’ एवढ्यावर भागत नाही, काहीतरी सांगावं लागतं. रंकाळ्यावर चालता चालता मी सांगायला लागले : गंगावेशीच्या कट्ट्यावर, जिथं समोरच धार काढून दूध देतात, आज एक म्हैस अशी रुसली की मालकानं तिची समजूत घातली, मग गिऱ्हाइकानं घातली, शेवटी दुधाचा ग्लास मिळेपर्यंत अख्खी रांग तिला ‘बाई, माझे आई’ करत होती. यावर उत्तर काय देणार? काहीच नको. तो ते भांडी घासताना ऐकतो, एकटाच हसतो. मग कधीतरी त्याचं येतं : ‘बसमध्ये एक बाई फोनवर भांडत होती. भाषा कळली नाही, पण जिंकली तीच.’ मलाही यावर काही लिहावं लागत नाही. मी ते डबा भरताना ऐकते आणि त्या बाईच्या बाजूनं उभी राहते.

मग ठरलं : सांगायचं तेवढं सांगायचं, उत्तराची वाट बघायची नाही. खरोखर उत्तर हवं असा प्रश्न दिवसाला एकच, आणि तोही वेगळ्या मेसेजमध्ये, लेखी. लांबलचक बोलण्याच्या पोटात ‘लेकाची फी कुठल्या खात्यातून भरू?’ दडवलं, की ते म्हशीबरोबर वाहून जातं. आणि एखाद्या दिवशी काहीच आलं नाही, तर ‘रागावलास का?’ हा प्रश्न त्या दिवसाच्या कोट्यातून वजा.

भांडणाचं मात्र वेगळं खातं उघडावं लागलं. एकदा सकाळी सव्वाआठला मी लिहिलं, ‘गिझरचं तुझ्या आईशी तूच बोल.’ तिकडं पावणेदहा झालेले. त्यानं एक अंगठा पाठवला आणि झोपला. आमच्या संस्थेत अंगठा कर्जाच्या कागदावर घेतात. हा कशावर दिला, ते मला संध्याकाळी पाचपर्यंत कळेना. दिवसभर मी त्या अंगठ्याचे अर्थ लावले, एका सभासदाला त्याच रागात नोटीस काढली. पाचला हा उठला आणि म्हणाला, ‘अगं, बोलतो म्हटलं की.’ समोरासमोर दोन मिनिटांत मिटलं असतं ते पावणेनऊ तास चाललं. आता तक्रार खिडकी सकाळी साडेसातला बंद होते. त्यानंतर सुचलेलं भांडण रविवारच्या कॉलला. निम्मी भांडणं रविवारपर्यंत टिकत नाहीत, हा संस्थेचा नफा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागं घेतात आणि आमचं अंतर साडेअकरा तासांचं होतं. रात्री दहाला तो ‘झोपतो’ म्हणतो, ते एरवी इकडं साडेआठला यायचं. आता साडेनऊला, ऐन काउंटर उघडताना येतं. सासूबाईंना हे काही पटत नाही. ‘घड्याळ मागं घेतलं म्हणजे? आणि सगळ्यांनी ऐकलं?’ पंधरा वर्षं त्या घरातली घड्याळं मुद्दाम दहा मिनिटं पुढं ठेवताहेत आणि त्यांचं कुणी ऐकलेलं नाही.

त्यात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईचा किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात, पायांपासून वर चढत जातात. सासूबाईंचं म्हणणं, लेकानं त्या वेळी कॉलवर असावं, निदान हात तरी जोडावेत. त्यानं गेल्या वर्षी जुन्याच हिशेबानं सव्वासातचा गजर लावला. तो उठला तेव्हा इकडं पावणेसात वाजले होते, किरणं केव्हाच परतलेली. पण माझा निरोप त्याची वाट बघत पडला होता : ‘आज कमरेपर्यंत आली, मग ढग आडवा आला. शेजारच्या काकू ढगाला शिव्या देताहेत.’ त्यानं तो दोनदा ऐकला. कॉलवर असता तर हात जोडताना काकूंच्या शिव्या निसटल्या असत्या.

हल्ली सासूबाईही बोलून निरोप पाठवायला शिकल्यात. ‘उत्तर नको’ हा नियम त्यांना फारच आवडला, कारण मध्ये कुणी बोलत नाही. परवा त्यांनी कागलच्या आत्यांच्या जमिनीचा अख्खा इतिहास सांगितला, वाटणीपासून बांधापर्यंत. यानं तो दुप्पट वेगानं ऐकला. म्हणतो, आई अगदी बातम्या दिल्यासारखी वाटली. पण शेवटी त्या म्हणाल्या होत्या, ‘तर मग मी आत्यांना काय सांगू?’ झालं, त्या दिवसाचा प्रश्न त्यात गेला. मला लेकाच्या फीचं विचारायचं होतं.