आधी सांगा, जुलैत किती पोरं बसली होती?

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात मान वर करून चालायची सोय राहत नाही. विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर, चहाच्या टपरीच्या पत्र्यावर, जिथं जागा मिळेल तिथं फेटा बांधलेली पोरं. नांदेडला तेच, संभाजीनगरला तेच, आणि आता अंबाजोगाई, उदगीरसारख्या गावांतही तेच. प्रत्येक फ्लेक्सवर 'एमबीबीएससाठी अमुक निवड', 'नीट पात्र तमुक', खाली 'पुढचे डॉक्टर तुम्हीच!' आणि प्रवेश सुरू. या एवढ्या फ्लेक्सांत एक आकडा कुठंच सापडत नाही : क्लासात एकूण पोरं किती होती?

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. दर जूनमध्ये गावाकडची माणसं, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे पॅम्प्लेट घेऊन येतात आणि विचारतात, "सर, इथं टाकू का लेकराला? बघा की, बेचाळीस लागलेत." त्या माणसानं सोयाबीनचे पैसे, बँकेचं कर्ज, बायकोचं डोरलं असं सगळं मनात मोजून ठेवलेलं असतं. आणि समोरच्या कागदावर त्याला जे मोजायला हवं तेच नेमकं गाळलेलं असतं. याचा मला संताप येतो, आणि दरवर्षी तो वाढतोच आहे.

आधी त्या 'पात्र' शब्दाचं बघू, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथं आहे. नीट ७२० गुणांची. २०२५ ला खुल्या गटाची पात्रता १४४ गुणांवर होती. १८० प्रश्नांपैकी ३६ बरोबर आले आणि बाकीचे कोरे सोडले तरी १४४ होतात. देशभरात सुमारे २२ लाख ९ हजार पोरांनी परीक्षा दिली आणि १२ लाख ३६ हजार पात्र ठरली, म्हणजे शंभरातली छप्पन्न. सरकारी एमबीबीएसचा दरवाजा त्या १४४ पासून कितीतरी लांब असतो. हे क्लासवाल्यांना ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये. तरीही 'पात्र'चा आकडा सगळ्यात मोठ्या टाइपात असतो, कारण बापाला वाटतं पात्र म्हणजे लागला.

आता एक हिशोब मांडतो. आकडे धरून चाललोय, पण पद्धत रोज बघतोय तीच आहे. धरा, क्लासात जुलैला ४०० पोरं बसली. फ्लेक्सवर आलं : '१८० पात्र, ४२ एमबीबीएस.' ४०० पैकी १८० म्हणजे शंभरात पंचेचाळीस, देशाच्या छप्पन्नपेक्षा कमी! पण ४०० छापलंच नाही, तर कुणाला कळणार?

मग त्या बेचाळिसांकडे या. त्यातली ९ पोरं या क्लासात शिकलीच नाहीत. ती दुसरीकडं शिकली आणि इथं फक्त टेस्ट सिरीजला नाव घातलं. म्हणूनच एकच चेहरा एकाच रस्त्यावर तीन क्लासांच्या फ्लेक्सवर दिसतो. उरली ३३. त्यातली ६ मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात, बापाच्या पैशावर गेली. उरली २७. त्यातली १९ 'स्टार बॅच'ची. ही ४० पोरांची तुकडी दहावीच्या गुणांवर आणि चाळणी परीक्षेवर निवडलेली, फी माफ किंवा अर्धी, आणि सगळ्यात चांगले मास्तर त्यांनाच. राहिली ८. ही आठ उरलेल्या ३६० पोरांतली. पॅम्प्लेट घेऊन माझ्याकडं आलेल्या माणसाचं लेकरू याच ३६० मध्ये बसणार आहे. त्याला सांगितलं बेचाळीस. त्याच्या कामाचा आकडा होता पंचेचाळिसात एक.

आणि पूर्ण फी हीच ३६० पोरं भरतात. स्टार बॅचची माफी आणि चौकातला फ्लेक्स त्यांच्याच पैशातून निघतो.

एका क्लासच्या मालकाला मी तोंडावर विचारलं की एकूण संख्या का छापत नाही. म्हणाले, "सर, मधूनच सोडून गेलेली पोरं आमच्या निकालात कशी धरायची?" का नाही धरायची? टेस्ट सिरीजला चार रविवार येऊन गेलेला टॉपर तुमचा होतो. मग वर्षाची फी भरून, दिवाळीनंतर चाचण्यांत मागं पडून, वसतिगृहाच्या खोलीत एकटं पडून गावी परतलेलं लेकरू तुमचं का नाही? पैसे परत दिलेत का त्याचे?

नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, तीही निकालानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच सही करून घेतलेली चालत नाही. फोटोसोबत त्यानं कोणता कोर्स केला, तो किती काळाचा होता आणि त्यानं पैसे भरले होते का, हेही सांगायचं. खुलासा दाव्याएवढ्याच टाइपात हवा. निवडीची, रँकची हमी द्यायची नाही. म्हणूनच आता हमी शब्द टाळून 'यशाची परंपरा', 'सीट पक्की करा' असं लिहितात. अर्थ तोच, फक्त पकडता येऊ नये एवढी काळजी.

रँकचंही तसंच. स्कोअरकार्डावर देशाची रँक वेगळी आणि प्रवर्गाची वेगळी असते. फ्लेक्सवर नुसतं 'रँक ३१२' येतं. सीईटी आणि जेईईत तर नुसत्या फिजिक्सचं ९९ पर्सेंटाइल पोराच्या नावाखाली ठोकून देतात, एकूण पर्सेंटाइल त्याहून बरंच कमी असलं तरी.

प्रामाणिक जाहिरात अवघड आहे का? वरच्याच क्लासची करून दाखवतो. 'जुलैत प्रवेश ४००. परीक्षा दिली ३४०. सरकारी एमबीबीएस २७, त्यातले १९ निवडक तुकडीतले, रिपीटर इतके. परीक्षा दिलेल्यांत मधल्या विद्यार्थ्याचे गुण इतके.' हा मधला आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. ३४० पोरं गुणांप्रमाणे ओळीनं उभी केली तर अगदी मध्ये उभ्या असलेल्या पोराला किती पडले? टॉपरला ६०० पडले की ६५०, यानं तो हलत नाही. तुमचं लेकरू साधारण असेल तर तिथंच कुठंतरी उभं राहणार आहे. आणि असं एका वर्षाचं नको, सलग तीन वर्षांचं छापा. लहान क्लासात चार हुशार पोरं एकदम आली की एक वर्ष कुणाचंही उजळतं.

यातही सगळं श्रेय क्लासचं नसतं. दहावीला ९६ टक्के घेऊन आलेलं पोरगं कुठंही बसलं तरी बरंच पुढं गेलं असतं. म्हणून स्टार बॅचचा निकाल वेगळ्या ओळीत हवाच, बाकीच्यांत मिसळून नको.

मालक म्हणतात, असं छापलं तर शेजारचा क्लास पोरं पळवेल. पळवेल, खरंय. म्हणून दोघांनीही खोटं छापायचं आणि भुर्दंड औशाच्या, रेणापूरच्या शेतकऱ्यानं सोसायचा?

यंदा माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी पॅम्प्लेटच्या मागं तीन प्रश्न लिहून देतोय : माझं लेकरू ज्या तुकडीत बसणार त्या तुकडीत गेल्या जुलैला किती होते, त्यातल्या किती जणांना सरकारी जागा मिळाली, आणि मध्येच सोडलं तर फी किती परत. उत्तर तोंडी नको, क्लासच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानं घ्या. देत नसतील तर पैसे खिशातच ठेवा, आणि फ्लेक्सचा फोटो काढून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.