अलमट्टीवरचा एक परिच्छेद: निष्कर्ष चुकीचा, की पुराव्याच्या पलीकडचा?

कोल्हापुरातील एका निबंध स्पर्धेसाठी ‘कोल्हापूरचा महापूर’ असा विषय होता. परीक्षणाला आलेल्या निबंधांपैकी एका परिच्छेदावर आम्हा परीक्षकांमध्ये बराच वाद झाला. कोल्हापूरच्या खालच्या बाजूला, कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाबद्दलचा तो परिच्छेद असा होता: ‘अलमट्टी धरण २००५ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी कोल्हापूरला पूर आला, पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आला. धरणाआधी असा महापूर कधीच आला नव्हता. यावरून सिद्ध होते की कोल्हापूरच्या महापुराला अलमट्टी हेच एकमेव कारण आहे.’

माझ्या सहपरीक्षकांनी लगेच शेरा दिला की हे विधानच खोटे आहे, कारण २०१९ च्या पुराचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर येत नाही असे सांगितलेले आहे. समितीच्या अहवालाबद्दल मला आदर आहे, पण हा शेरा मला पटला नाही. निष्कर्ष खरा की खोटा हा एक प्रश्न झाला, आणि दिलेल्या पुराव्यावरून तो निघतो का हा वेगळा प्रश्न झाला. उद्या समितीने उलटे मत दिले असते तरी हा परिच्छेद तर्कदृष्ट्या जितका कच्चा आहे तितकाच राहिला असता.

यातील तिसरे वाक्य आधी बाजूला काढू. १९८९ चा महापूर पाहिलेली माणसे आजही शहरात आहेत आणि तेव्हा अलमट्टीचे काम पूर्ण व्हायचे होते. म्हणजे ही वस्तुस्थितीची चूक आहे, तिला तर्कदोष म्हणता येत नाही. समासात ‘माहिती तपासा’ एवढेच लिहावे. शिवाय या चुकीतून फार ओढूनही चालणार नाही. १९८९ वरून धरणाशिवायही महापूर येऊ शकतो एवढे कळते. धरण आल्यावर पाणी अधिक चढते की नाही, यावर त्या वर्षाकडे उत्तर नाही.

खरा दोष पुढच्या उडीत आहे. धरण झाले, नंतर पूर आले, म्हणून धरणामुळे पूर आले, असा हा क्रम आहे. तो तपासण्याची माझी रीत साधी आहे: दिलेला सगळा पुरावा खरा धरून निष्कर्ष खोटा ठरेल अशी एखादी शक्य परिस्थिती सुचते का ते पाहावे. येथे ती सहज सुचते. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या पाणलोटात थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस झाला आणि शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी असताना पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. एवढ्या पावसाने धरण नसतानाही नदी पात्राबाहेर पडली असती, ही शक्यता परिच्छेदाने कुठेही बंद केलेली नाही. शिवाय लेखकाने पुराचीच वर्षे निवडली आहेत. धरण तर २०१५ च्या दुष्काळातही उभे होते. जे दरवर्षी सारखेच असते, त्याच्या नुसत्या असण्यावरून काही वर्षांचेच पूर समजावता येत नाहीत. त्यासाठी त्या त्या वर्षी, त्या त्या दिवशी धरणात किती पाणी होते हे द्यावे लागते, आणि सारख्या पावसाच्या वर्षांची तुलना करावी लागते. ‘एकमेव’ हा शब्द तर एवढा पुरावा दिल्यावरही टिकणार नाही, कारण त्यासाठी पूररेषेतील बांधकामे, पुलांचे भराव आणि राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांतून सुटणारे पाणी यांचा वाटा शून्य आहे असे दाखवावे लागेल.

गंमत अशी की सहपरीक्षकांचा दुसरा युक्तिवादही याच कसोटीवर अडकतो. त्यांचे म्हणणे होते की अलमट्टीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे, कोल्हापूर त्याहून उंचावर आहे, म्हणून धरणामुळे नदीत मागे तुंबणाऱ्या पाण्याचा फुगवटा येथे पोहोचणे अशक्य. आकडा बरोबर आहे, पण वाहत्या नदीचे पाणी परातीतल्या पाण्यासारखे सपाट राहत नाही. पूर चालू असताना जलाशयापासून वर नदीच्या दिशेने पाण्याचा पृष्ठभाग चढत जातो, आणि तो किती चढतो हे विसर्ग, पात्राचा आकार व उतार यांवर ठरते. त्यामुळे नुसत्या दोन उंचींच्या तुलनेवरून ‘अशक्य’ असे म्हणता येत नाही. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीच्या संगमाला कृष्णेची पातळी किती आणि तिथून पंचगंगेवर तिचा परिणाम किती अंतरापर्यंत, हे गणित करूनच पाहावे लागते. समितीने अभ्यास केला तो याचसाठी. परिच्छेदाचे खंडन करायचे तर त्या गणिताचा आधार घ्यावा, उंचीचा नव्हे.

शेवटी मी ‘हेच एकमेव कारण आहे’ खाली रेघ मारली आणि समासात लिहिले की दिलेल्या माहितीवरून एवढेच म्हणता येते: ‘धरण पूर्ण झाल्यानंतरही कोल्हापूरला मोठे पूर आले; त्यात अलमट्टीतील साठ्याचा वाटा आहे का, हे तपासण्यासाठी पाऊस आणि धरणाची पातळी यांच्या रोजच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतील.’ सहपरीक्षकांना हे वाक्य फार मिळमिळीत वाटते. गुणांवर आमचे अजूनही एकमत झालेले नाही.