गिऱ्हा परत परत का ओरडतो?

★★☆☆☆
"गिऱ्हा अर्ध्यावर आला की डरकाळी फोडतो आणि दोन चिंबोऱ्या सोडतो, ठीक. पण माझ्याकडे अकरा वेळा तेच! विषाचा भाला घेऊन खडकामागे बसलो होतो. टेस्टिंग केलं होतं का कोणी?"

नमस्कार. केलं होतं, पण आमच्या लालबागच्या ऑफिसातले सगळे तलवारवाले. चूक आमचीच.

गिऱ्ह्याची ताकद 4000, म्हणजे दुसरा टप्पा 2000 वर. विषाने दर अर्ध्या सेकंदाला 30 जातात आणि तो सेकंदाला 40 भरून काढतो. समजा 2010 वरून तो 1980 वर आला. टप्पा बदलला, डरकाळी सुरू झाली. त्या तीन सेकंदांत त्याला इजा होत नाही, पण ताकद भरणं आम्ही थांबवलंच नव्हतं! डरकाळी संपेपर्यंत 2100. गेमला वाटलं, हा परत पहिल्या टप्प्यात गेला. मग विष चार-पाच सेकंदांत त्याला पुन्हा 2000 खाली आणतं आणि पुन्हा चिंबोऱ्या. तलवारीचा घाव 250 चा, त्यामुळे तो सीमेवर रेंगाळत नाही. फार तर एखादी जादा डरकाळी व्हायची, ती आम्ही सरळ त्याच्या स्वभावात जमा केली होती.

पहिला उपाय म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावला. तर गिऱ्हा शिस्तीत दहा-दहा सेकंदांनी ओरडायला लागला. खरी गोची दुसऱ्या ओळीत होती, तिथे `>` च्या जागी `!=` होतं:

```
int target = hp <= maxHp / 2 ? 2 : 1;
if (target > phase) EnterPhase(target);
```

आता टप्पा फक्त पुढे जातो. ताकद परत 2100 झाली तरी तो दुसऱ्यातच राहतो. डरकाळीच्या वेळी ताकद भरणंही बंद केलंय. मात्र खेळाडू मेला की `phase` परत 1 करावा लागतो. ते आम्ही आधी विसरलो आणि पुढच्या डावात गिऱ्हा पूर्ण ताकदीनिशी थेट दुसऱ्या टप्प्यात उभा!

जाताना 50 टक्के आणि परतताना 60 टक्के अशी दोन वेगळी गणितंही ठेवता येतात. घाबरून पळणाऱ्या छोट्या भुतांना आम्ही तसंच केलंय: 20 टक्क्यांवर पळतात, 35 झाल्यावरच परततात. त्यांनी परत यायलाच हवं. गिऱ्ह्याला मात्र मागे फिरायची मुभा नाही.

अपडेटची चाचणी चालू आहे, या खेपेला भालावाल्यांकडून. तोवर 2100 च्या आसपास भाला ठेवा, अंगातलं विष उतरू द्या आणि तलवारीचे दोन घाव लागोपाठ घाला. चिंबोऱ्या दोनच येतील, फार तर चार.