गाडी लागते

मराठीत गाडी दोन प्रकारे लागते. एक स्टँडवर लागते, तेव्हा लोक तिच्याकडे धावतात. दुसरी आमच्या लेकीला लागते, तेव्हा लोक तिच्यापासून लांब धावतात.

लेक सात वर्षांची आहे. दोन वर्षांची होईपर्यंत ती कुठल्याही वाहनात ढाराढूर झोपायची आणि आम्ही चारचौघांत सांगायचो, 'आमच्याकडे असलं काही नाही बरं का.' दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, खरा मोसम दोन ते बारा वर्षांचा, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही ते आमचे संस्कार समजत होतो.

पहिला मोठा प्रवास बसचा, तीन तासांचा. आरक्षण उशिरा केल्यामुळे अगदी मागची सीट मिळाली. 'मागे पाय पसरायला जागा असते,' मी म्हणालो. पायांना जागा होती हे खरं, पण मागच्या चाकांच्याही मागे असलेली ती सीट म्हणजे सीसॉचं टोक. पुढे बसलेल्यांना जो खड्डा गुदगुल्या करतो, तो मागच्यांना उचलून आपटतो. त्यात 'पोट भरलेलं असलं की त्रास होत नाही' या आईच्या सिद्धांतानुसार निघताना पोटभर तळलेलं खाऊ घातलं होतं. आणि शांतता राहावी म्हणून हातात मोबाइल दिला होता.

शांतता राहिली. चाळीस मिनिटं. तिला एवढी शहाण्यासारखी बसलेली पाहून मला अभिमान वाटत होता. ती गप्प होती, तीन वेळा जांभई दिली, आवंढे गिळत होती आणि नाकाशेजारचा रंग पांढरट झाला होता. आता मला कळतं, बडबडं पोर गप्प झालं की अभिमान बाळगायचा नाही, पिशवी उघडायची. तेव्हा मी पिशवी उघडली खरी, पण तिच्या तळाला भोक होतं.

पुढच्या वेळी आम्ही दुसरं टोक गाठलं. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार, या तर्काने तिला उपाशीच नेलं. बाहेर पिवळं, कडू पाणी आलं आणि ती उलटीपेक्षा जास्त भुकेने रडली.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोट तर शेवटी येतं हो. आधी भांडण कानात आणि डोळ्यांत होतं." कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं यंत्र असतं. गाडी वळली, वेग वाढला, ब्रेक लागला, की ते मेंदूला कळवतं, 'आपण हलतोय.' डोळे मात्र मोबाइलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतात, ते कळवतात, 'छे, सगळं जागच्या जागी आहे.' दोन साक्षीदारांच्या अशा परस्परविरोधी जबान्या ऐकून मेंदू जो निकाल देतो, तो आमच्या मांडीवर येतो. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर असते आणि पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं.

म्हणजे आमची लाडकी त्रयी (मागची सीट, मोबाइल, चित्रांचं पुस्तक) हा उपाय नव्हताच, ते कारण होतं. डॉक्टरांनी औषधाचंही सांगितलं, पण ते निघण्याच्या अर्धा-एक तास आधी द्यावं लागतं. मळमळ सुरू झाल्यावर दिलेलं पोटात टिकत नाही. त्याने पेंग येते, आणि एखाद्या मुलाला उलट चेव चढतो, म्हणून मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्यायची. आम्ही म्हटलं, आधी डोळ्यांचं बघू.

तिसरा प्रवास कारने होता, वळणावळणाच्या रस्त्याने. लेक म्हणाली, "मी पुढे बसते, मग बाहेर दिसेल." तर्क बिनतोड होता, पण लहान मुलांची जागा मागेच. पुढची एअरबॅग मोठ्यांच्या मापाने उघडते. मग मागच्या सीटवर उजवी, डावी की मधली, यावर घरात चर्चा झाली. बाजूच्या खिडकीतून झाडं सर्रकन मागे पळताना दिसतात, ते बघून आणखी गरगरतं. मधून मात्र समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसतो. आमच्या गाडीत मधल्या जागेलाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे म्हणून मध्य ठरला. नुसता कमरेचा पट्टा असता तर कडेलाच बसवलं असतं. मी तिला उंच करायला दोन उशा आणल्या होत्या, त्या बायकोने परत आत पाठवल्या. ब्रेक लागला की उशी सरकते आणि पट्टा पोटावर चढतो. त्यापेक्षा मुलांची बूस्टर सीट, ती बसवली आणि लेकीची नजर डॅशबोर्डच्या वर आली.

निघण्याच्या साधारण दीड तास आधी तिला थोडा साधा पाव आणि केळं दिलं. वाटेत कोरडं बिस्किट, तेही अर्धं अर्धं. पाणी घोटाघोटाने. गाडीत टांगलेलं सुगंधी प्रकरण मी काढून डिकीत टाकलं आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की त्याचा वास मलाही आवडत नव्हता.

आता प्रश्न मन रमवायचा. डोळे खाली न नेता जे जे करता येतं ते सगळं चालतं. आम्ही गाणी म्हटली. मग 'पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे' हा खेळ काढला. ही माझी सगळ्यात हुशार युक्ती, असं मी स्वतःच म्हणतो. ओळखायचं तर लांब बघावंच लागतं, आणि वळण आधी कळलं की ती अर्धी ड्रायव्हर होते. बायकोही वळणं हळू घेत होती, ब्रेक आधीपासून अलगद दाबत होती. ती नेहमी अशीच चालवते. मी नाही, म्हणून मला चावी दिली नव्हती.

बंदी फक्त एका वाक्यावर होती, "मळमळतंय का गं?" मागच्या प्रवासात मी दर पाच मिनिटांनी हे विचारून तिला मळमळीची आठवण करून देत होतो. आता मी फक्त तिचा रंग बघायचा होता. तासाभराने वळण ओळखताना ती अडखळली, मग एक जांभई. आम्ही गाडी सुरक्षित जागी थांबवली, खाली उतरलो, दहा मिनिटं मोकळ्या हवेत चाललो. रंग परतला. पुन्हा बसल्यावर डोकं सीटला टेकवून, डोळे मिटून गाणी ऐकायला लावली. डोळे मिटले की एक साक्षीदार गप्प बसतो, खटला उभाच राहत नाही. ती झोपली.

अडीच तास निभावले. घर दोन गल्ल्यांवर आलं तेव्हा मी विजयी आवाजात म्हणालो, "चला, चपला घाला!"

ती खाली वाकली. पायाखालच्या अंधारात दुसरी चपल शोधू लागली. गाडी शेवटचं वळण घेत होती.

पिशवीला या वेळी भोक नव्हतं, कारण निघताना तीत पाणी भरून बघितलं होतं. पण पिशवी माझ्या खिशात होती, खिसा पट्ट्याखाली होता आणि चपल माझी होती.

आता आमच्याकडे चपला गाडी पूर्ण थांबल्यावरच शोधल्या जातात.